नव्या मॉड्यूलमधून पहिला पगार काढताना: मुंबईतल्या आस्थापनांना पडणारे प्रश्न

पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीत पगार बहुधा एक्सेलवर निघत असतो. तो पेरोल मॉड्यूलमध्ये नेताना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कोणत्याही एका सॉफ्टवेअरबद्दल हे लिहिलेले नाही. पडद्यावरची नावे वेगळी असली तरी हिशेब तोच राहतो. समजायला सोपे जावे म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरले आहे. अंधेरीतल्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये क्वालिटी विभागात एक महिला कर्मचारी आहे. तिचा पगार महिना ३०,००० रुपये: बेसिक १५,०००, घरभाडे भत्ता ७,५०० आणि स्पेशल अलाउन्स ७,५००. एप्रिलमध्ये तिचे सहा दिवस बिनपगारी झाले. ही आस्थापना पीएफ १५,००० च्या मर्यादेपर्यंतच भरते.

सेटअप कुठून सुरू करायचा?

पगाराच्या घटकांपासून. बहुतेक जण कर्मचाऱ्यांची यादी आधी चढवतात, कारण ती हाताशी असते. पण यादी चढवून झाल्यावर घटकांची व्याख्या बदलली की प्रत्येकाची रचना पुन्हा उघडावी लागते. आधी घटक, मग त्या घटकांचे दोन-तीन साचे (कामगार, ऑफिस स्टाफ, मॅनेजर), त्यानंतर वजावटीचे नियम आणि शेवटी माणसे, असा क्रम ठेवा. हजेरी मशीन त्याच्याही नंतर जोडा.

प्रत्येक घटक तयार करताना मॉड्यूल काही खुणा विचारते: हा घटक हजेरीप्रमाणे कमी होतो का, पीएफच्या वेतनात धरायचा का, ईएसआयसीच्या, व्यवसाय कराच्या आणि टीडीएसच्या हिशेबात धरायचा का. पहिल्या पगारातल्या चुकांचा मोठा वाटा या खुणांमधून येतो. या खुणा पगार काढणाऱ्या माणसाने स्वतः बसून लावाव्यात, सॉफ्टवेअरवाल्याच्या ‘डिफॉल्ट’वर सोडू नयेत. सॉफ्टवेअरवाल्याला मॉड्यूल माहीत असते, पण तुमचा स्पेशल अलाउन्स कोणाला आणि कशासाठी दिला जातो हे त्याला ठाऊक नसते.

स्पेशल अलाउन्स पीएफमध्ये धरायचा की नाही?

सगळ्यांना सरसकट दरमहा मिळत असेल तर धरायचा. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे: भत्ता सर्वांना सारखा मिळत असेल आणि जादा कामाशी किंवा विशेष कामगिरीशी जोडलेला नसेल, तर नाव काहीही दिले तरी तो पीएफसाठी बेसिकचाच भाग ठरतो. घरभाडे भत्ता त्यात येत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात पूर्ण महिन्याचे पीएफ वेतन १५,००० अधिक ७,५००, म्हणजे २२,५०० होते आणि वर १५,००० ची मर्यादा लागते.

शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्या व्याख्येत घरभाडे, प्रवासभत्ता असे काही घटक वेतनातून वगळलेले आहेत. पण अशा घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनातच मोजायचा आहे. बेसिक तीस टक्के ठेवून उरलेला पगार भत्त्यांत वाटलेली जुनी रचना जशीच्या तशी मॉड्यूलमध्ये उतरवण्याआधी सल्लागाराबरोबर एकदा बसा. पुढे नियम बदलले तर खुण बदलताना ‘कोणत्या तारखेपासून लागू’ हा रकाना भरा. तारीख न टाकता खुण बदलली की काही मॉड्यूल मागच्या महिन्यांचा हिशेबही नव्या नियमाने करून एरियर्स दाखवू लागतात.

एका दिवसाचा पगार काढताना २६ ने भागायचे, ३० ने, की महिन्याच्या दिवसांनी?

कंपनीच्या धोरणात जे असेल तेच, पण अंश आणि छेद एकाच पद्धतीचे हवेत. २६ ने भागायचे असेल तर भरलेल्या दिवसांत साप्ताहिक सुट्ट्या मोजायच्या नाहीत. महिन्याच्या दिवसांनी भागायचे असेल तर त्या मोजायच्या. आपल्या कर्मचारीचे सहा दिवस ३० च्या हिशेबाने ६,००० रुपयांचे होतात आणि २६ च्या हिशेबाने ६,९२३ रुपयांचे. नऊशे रुपयांचा हा फरक तिच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही, म्हणून आधी ठरवा आणि लेखी ठेवा. आपण पुढे महिन्याचे दिवस, म्हणजे ३०, धरतो.

हजेरीचे मशीन जोडले, पण निम्म्या लोकांची हजेरीच येत नाही. असे का?

शंभरात नव्याण्णव वेळा कर्मचारी क्रमांक जुळत नसतो. मशीनमध्ये क्रमांक ‘0045’ असतो. यादी एक्सेलमधून चढवताना पुढची शून्ये गळतात आणि मॉड्यूलमध्ये तो ‘45’ होतो. मॉड्यूलला हे दोन वेगळे माणूस वाटतात. पंच येतात, पण कोणाच्याच खात्यावर बसत नाहीत. त्यासाठी मॉड्यूलमधला ‘न जुळलेले पंच’ हा अहवाल रोज बघा. तो रिकामा झाल्याशिवाय हजेरी बंद करू नका.

रात्रपाळीचा घोळ वेगळा आहे. रात्री दहाला आलेला माणूस सकाळी सहाला जातो, म्हणजे येण्याचा पंच एका तारखेला आणि जाण्याचा दुसऱ्या तारखेला पडतो. पाळीची व्याख्या करताना ‘मध्यरात्र ओलांडते’ ही खुण राहिली की त्या माणसाला दोन्ही दिवस ‘एकच पंच’ म्हणून अर्धा दिवस किंवा गैरहजेरी लागते. एकाच पाळीतल्या सगळ्यांचे ओळीने अर्धे दिवस दिसले तर माणसांना विचारू नका, आधी पाळीची व्याख्या उघडा.

आणि मुंबईत पावसाळ्याचा विचार पहिल्याच दिवशी करून ठेवावा. लोकल बंद पडतात, माणसे दोन तास उशिरा पोहोचतात किंवा दादरहून परत फिरतात. मॉड्यूल मात्र ठरल्याप्रमाणे लेट मार्क लावते आणि तीन लेट मार्कांचा अर्धा दिवस कापते. एखाद्या तारखेला, एखाद्या ठिकाणच्या सगळ्यांसाठी लेट मार्क माफ करण्याची किंवा तो दिवस भरपगारी धरण्याची सोय मॉड्यूलमध्ये कुठे आहे आणि ती वापरण्याचा अधिकार कोणाला आहे, हे जूनच्या आधी ठरलेले असावे. नाहीतर शंभर जणांचे रेग्युलरायझेशनचे अर्ज एकेक करून मंजूर करत बसावे लागते, आणि त्यात चार जण हमखास राहून जातात. विरार-कर्जतहून येणाऱ्या माणसाचा पगार त्याचा दोष नसताना कापला जाऊ नये, एवढी काळजी सेटअप करणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

आमची हजेरी २६ ते २५ अशी आहे. पहिल्या महिन्यात काय जपायचे?

दोन गोष्टी. पहिली, छेद. २६ मार्च ते २५ एप्रिल हे ३१ दिवस होतात आणि एप्रिल ३० दिवसांचा आहे. मॉड्यूलने भरलेले दिवस हजेरीच्या चक्रातून घेतले आणि भागाकार एप्रिलच्या दिवसांनी केला, तर एकही रजा नसलेल्या माणसाला ३०,००० ऐवजी ३१,००० मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे: ज्यांचे बिनपगारी दिवस शून्य आहेत, त्यांचा एकूण पगार ठरलेल्या पगाराएवढाच आला पाहिजे. एक रुपयाही जास्त आला तर छेद चुकला आहे. यावर उपाय म्हणजे मॉड्यूलला भरलेले दिवस देण्याऐवजी फक्त बिनपगारी दिवस द्यायचे आणि ते महिन्याच्या दिवसांतून वजा करायला सांगायचे.

दुसरी गोष्ट, चक्राचा सांधा. जुन्या एक्सेलमध्ये पगार १ ते ३१ असा निघत असेल, तर मार्चअखेरच्या गैरहजेऱ्या मार्चच्या पगारातच कापून झाल्या आहेत. नवे मॉड्यूल २६ मार्चपासून मोजायला लागले की त्याच गैरहजेऱ्या एप्रिलमध्ये पुन्हा कापल्या जातात. अशा वेळी पहिल्या महिन्यापुरते हजेरीचे चक्र १ ते २५ एप्रिल ठेवा. छेद ३० च राहू द्या. मेपासून नेहमीचे चक्र चालू होते.

पीएफची मर्यादा १५,००० आहे. मग बिनपगारी दिवस असलेल्यांचा पीएफ चुकतो कुठे?

क्रमात. आधी मर्यादा लावून मग दिवसांप्रमाणे कमी करायचे, की आधी दिवसांप्रमाणे कमी करून मग मर्यादा लावायची? बरोबर क्रम दुसरा आहे. मर्यादा महिन्याची आहे, ती दिवसांप्रमाणे घटत नाही.

आपल्या कर्मचारीचे २४ दिवस भरले. तिचे मिळालेले बेसिक १२,०००, घरभाडे ६,०००, स्पेशल ६,०००, एकूण २४,०००. पीएफचे वेतन १२,००० अधिक ६,००० म्हणजे १८,०००; ते मर्यादेच्या वर आहे, म्हणून १५,००० धरायचे आणि १२ टक्क्यांनी १,८०० कापायचे. मॉड्यूलने आधी मर्यादा लावली तर १५,००० चे २४ दिवसांचे १२,००० होतात आणि पीएफ १,४४० येतो. सूत्र असे हवे:

```
PF_WAGE = MIN(15000, EARNED_BASIC + EARNED_SPECIAL)
PF_EMP  = ROUND(PF_WAGE * 0.12, 0)
```

सूत्रात `EARNED_` नसलेले, म्हणजे ठरलेल्या पगाराचे घटक दिसले आणि शेवटी दिवसांचा गुणाकार दिसला, तर तिथेच थांबा.

मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. १५,००० वर ते १,२५० होतात आणि उरलेले ५५० पीएफमध्ये. ही कर्मचारी आधीच्या कमी पगाराच्या नोकरीपासून पेन्शन योजनेची सभासद आहे असे आपण धरले आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सभासद झालेल्या आणि तेव्हा वेतन १५,००० च्या वर असलेल्या माणसाला पेन्शन योजना लागू होत नाही. त्याचे मालकाकडचे पूर्ण १,८०० पीएफमध्ये जायला हवेत. मॉड्यूलमध्ये यासाठी प्रत्येक माणसावर वेगळी खुण असते आणि ती डिफॉल्टने ‘हो’ असते. ही चूक अनेक वर्षांनी, माणूस पैसे काढायला जातो तेव्हा उघडी पडते. म्हणून आत्ताच प्रत्येकाची जुनी सेवा यूएएनवरून तपासून घ्या.

पगार कापला गेल्यावर २१,००० च्या खाली आला. आता ईएसआयसी लागू होईल का?

नाही. ईएसआयसी कोणाला लागू हे ठरलेल्या पूर्ण महिन्याच्या दरावरून ठरते, त्या महिन्यात हातात किती आले त्यावरून नाही. एकदा लागू झाल्यावर वर्गणी मात्र प्रत्यक्ष मिळालेल्या वेतनावर कापली जाते: कर्मचाऱ्याची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. दोन्ही वेगवेगळ्या मोजून पुढच्या पूर्ण रुपयाकडे नेतात. पीएफमध्ये जवळच्या रुपयाकडे नेतात. गोलाईचा नियम सगळ्या वजावटींना एकच ठेवला की ईएसआयसीचे चलन काही रुपयांनी जुळत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. वर्गणीचे काळ दोन आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. जुलैत पगारवाढ होऊन कोणी २१,००० च्या वर गेले, तरी सप्टेंबरपर्यंत त्याची वर्गणी चालू ठेवायची, आणि ती वाढलेल्या वेतनावर. मॉड्यूल नुसती दर महिन्याची तुलना करत असेल तर जुलैतच त्याचे नाव गाळते, आणि घरात कोणाला दवाखाना लागला की मग धावपळ होते.

व्यवसाय करही असाच ठरलेल्या पगारावर ठरतो का?

नाही, तो त्या महिन्यात मिळालेल्या पगारावर ठरतो. महाराष्ट्रात पुरुषांना ७,५०० पर्यंत काही नाही, १०,००० पर्यंत १७५ आणि त्यावर २००. महिलांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत सूट आहे, त्यावर २००. दोघांनाही २०० च्या टप्प्यात फेब्रुवारीत ३०० लागतात, म्हणजे वर्षाचे २,५०० भरतात.

आपल्या कर्मचारीचा ठरलेला पगार ३०,००० आहे, पण एप्रिलमध्ये २४,००० मिळाले. म्हणून या महिन्यात तिचा कर शून्य. मॉड्यूलमध्ये लिंगाचा रकाना रिकामा राहिला असेल तर पुरुषांचा दर लागून २०० कापले जातात. ठरलेल्या पगारावर टप्पा बघितला तरी २०० च कापले जातात. त्यामुळे कारण कोणते, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. दोन्ही जागा उघडून बघाव्या लागतात.

कामगार कल्याण निधी दर महिन्याला दिसत नाही. चूक आहे का?

नाही. तो जून आणि डिसेंबरच्या पगारातच कापतात: कर्मचाऱ्याचे २५ रुपये, मालकाचे ७५. एप्रिलच्या चाचणीत तो दिसणार नाही, म्हणून जूनची एक खोटी फेरी चालवून आत्ताच तपासा.

आम्ही वर्षाच्या मध्यात, ऑक्टोबरपासून सुरू करतोय. काही वेगळे?

टीडीएस. एप्रिल ते सप्टेंबरचा दिलेला पगार आणि कापलेला कर महिन्यागणिक मॉड्यूलमध्ये चढवायलाच हवा. तो नसेल तर मॉड्यूलला वाटते की माणसाचे वर्ष ऑक्टोबरपासूनच सुरू झाले. ते सहाच महिन्यांचा पगार वर्षाचे उत्पन्न धरते आणि कर अगदी कमी किंवा शून्य दाखवते. सगळे खूश होतात आणि मार्चमध्ये सगळा कर एकदम कापावा लागतो. ऑक्टोबरच्या चाचणीत मोठ्या पगारवाल्यांचा टीडीएस सप्टेंबरपेक्षा अचानक उतरला, तर कारण बहुधा हेच असते. रजेची शिल्लक आणि चालू कर्जाचे उरलेले हप्तेही याच वेळी चढवा.

पहिला पगार बरोबर निघाला हे कसे ओळखायचे? हातात येणारी रक्कम जुळली की पुरे ना?

पुरे नाही. आपल्याच उदाहरणात बघा. बरोबर हिशेब असा: २४,००० मधून पीएफ १,८००, व्यवसाय कर शून्य, हातात २२,२००. चुकलेल्या मॉड्यूलचा हिशेब असा: पीएफ १,४४०, व्यवसाय कर २००, हातात २२,३६०. दोन ठिकाणी चुकूनही फरक फक्त १६० रुपयांचा. पीएफ ३६० ने कमी कापला गेला आणि कर २०० ने जास्त, म्हणून चुकांनी एकमेकींना झाकले. एक्सेलच्या शेवटच्या रकान्याशी तुलना करणारा माणूस ‘गोलाईचा फरक असेल’ म्हणून पुढे जातो. त्या बाईंनाही शंका येत नाही, कारण त्यांच्या हातात थोडे जास्तच आलेले असतात.

म्हणून तुलना घटकाघटकाची करा. जुन्या पद्धतीने आणि मॉड्यूलने असे किमान दोन महिने समांतर पगार काढा आणि प्रत्येक रकाना वेगळा वजा करून बघा. सगळ्यांचा तपशील बघायला वेळ नसेल तर मुद्दाम अवघड माणसे निवडा: महिन्याच्या मध्यात रुजू झालेला, महिन्यात सोडून गेलेला, बिनपगारी दिवस असलेली २५,००० च्या आसपासची महिला, २१,००० च्या काठावरचा कामगार, रात्रपाळीचा एक जण आणि पेन्शन योजना लागू नसलेला एक जण. पूर्ण हजेरीचे पन्नास पगार जुळले याने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण त्यांच्यात चुकण्यासारखे थोडेच असते.

दुसरी तपासणी पीएफच्या ईसीआर फाइलवर करा. पोर्टलवर चढवण्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडा. आपल्या कर्मचारीची ओळ अशी दिसायला हवी:

```
UAN#~#NAME#~#24000#~#15000#~#15000#~#15000#~#1800#~#1250#~#550#~#6#~#0
```

शेवटून दुसरा आकडा बिनपगारी दिवसांचा आहे. तिथे सगळ्यांसमोर शून्य दिसले, तर हजेरी पगारापर्यंत पोहोचली पण ईसीआरपर्यंत नाही.

बँकेची फाइल परत आली. खाते क्रमांक तर बरोबर होते!

एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक असते. सोळा आकडी खाते क्रमांक साध्या रकान्यात चिकटवला की शेवटचा आकडा शून्य होतो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मग क्रमांक आणा. आधीच बिघडलेली यादी दुरुस्त होत नाही. ती पासबुकावरून किंवा रद्द केलेल्या चेकवरून पुन्हा भरावी लागते.

पगार गेल्यावर चूक सापडली तर महिना पुन्हा उघडायचा का?

पैसे बँकेतून गेले असतील तर उघडू नका. उघडून पुन्हा चालवले की पगारपत्रके बदलतात आणि बँकेत गेलेल्या रकमेशी जुळेनाशी होतात. कर्मचाऱ्याला कमी गेले असेल तर पुढच्या महिन्यापर्यंत न थांबवता वेगळ्या एरियर्सच्या फेरीत द्या. जास्त कापलेला व्यवसाय कर परत द्यायचा, तर तोही वेगळ्या नावाच्या ओळीत दाखवा, म्हणजे वर्षअखेर हिशेब लागतो.

पीएफ कमी कापला गेला असेल तर प्रश्न नाजूक आहे. त्या महिन्यात न कापलेला कर्मचाऱ्याचा हिस्सा नंतरच्या पगारातून सहजासहजी वसूल करता येत नाही. बऱ्याचदा तो मालकालाच भरावा लागतो. आपल्या उदाहरणातले ३६० रुपये आणि त्यावर मालकाच्या हिश्शाचे तेवढेच, हे एका माणसाचे झाले. पीएफ आणि ईएसआयसी भरायची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख आहे, तर पगार ७ तारखेच्या आत जायला हवा. म्हणून ईसीआरची ओळ १४ तारखेला उघडून उपयोग नाही. पगाराची फाइल बँकेत पाठवण्याआधी, मसुदा पगार तयार होताच, ती काढून बघा.